सर्वेक्षणाच्या फॉर्ममधील प्रतिसाद आणि जोडलेली शीट कबूल केलेल्या मुदतीत काढून टाकणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील वाचनालये, नाट्यमंडळे, पालक-शिक्षक संघ आणि उत्सव समित्या आता लोकांकडून माहिती घेताना बहुतेक वेळा गुगल फॉर्म वापरतात आणि फॉर्मच्या आरंभी "आपली माहिती 90 दिवसांनंतर काढून टाकली जाईल" अशा अर्थाचे एक वाक्य लिहितात. ते वाक्य वाचूनच अनेकांनी आपले नाव आणि मोबाईल क्रमांक दिलेला असतो. ते पाळायचे म्हणजे कोणत्या ठिकाणी जाऊन, कोणत्या क्रमाने, काय काढावे लागते, एवढ्यापुरतेच हे पान आहे.

समजायला सोपे जावे म्हणून सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे. डिचोली तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाने जत्रेतील नाटकांविषयी एक सर्वेक्षण केले, असे धरू. फॉर्म 1 सप्टेंबर 2025 रोजी खुला झाला आणि 30 सप्टेंबर 2025 रोजी बंद झाला. त्यात नाव, मोबाईल क्रमांक, वाडा, वय, पाहिलेली नाटके असे प्रश्न होते आणि घरात जुने हस्तपत्रक असल्यास त्याचा फोटो जोडण्याची सोय होती. एकूण 214 प्रतिसाद आले आणि ते एका गुगल शीटला जोडलेले होते.

फॉर्ममधले प्रतिसाद डिलीट केले की शीट आपोआप रिकामी होते का?

होत नाही. बहुतेक समित्यांची गफलत इथेच होते. प्रतिसादांचा मूळ साठा फॉर्मच्या आत असतो आणि शीटमध्ये जे दिसते ती त्याची प्रत असते. नवा प्रतिसाद आला की त्याची एक ओळ शीटमध्ये उतरते, पण फॉर्ममधून तो प्रतिसाद काढला म्हणून शीटमधली ओळ जात नाही. आपल्या उदाहरणातील वाचनालयाने फॉर्मवर जाऊन `Delete all responses` केले, तर फॉर्मवर शून्य प्रतिसाद दिसतील आणि शीटमध्ये 214 जणांची नावे व क्रमांक जसेच्या तसे राहतील.

आणि उलट, शीटच डिलीट केली तर?

तरीही फॉर्ममधला साठा शाबूत राहतो. शीट गेल्यानंतर कोणीही संपादक फॉर्मच्या `Responses` टॅबवर जाऊन सर्व प्रतिसाद वाचू शकतो, त्यांची यादी सीएसव्ही फाईल म्हणून उतरवून घेऊ शकतो किंवा फॉर्म नव्या शीटला जोडू शकतो. नवी शीट जोडताच फॉर्ममध्ये असलेले सगळे जुने प्रतिसाद तिच्यात पुन्हा उतरतात. पुढच्या वर्षी नवा कार्यवाह येतो, "शीट कुठे दिसत नाही" म्हणून `Link to Sheets` दाबतो आणि काढून टाकली असे सर्वांनी धरलेली यादी काही क्षणांत समोर उभी राहते. म्हणून दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे काम करणे अपरिहार्य आहे.

शीट ठेवून फक्त तिच्यातील ओळी काढल्या तर चालेल का? त्या शीटमध्ये आम्ही तक्ते आणि आलेख तयार केले आहेत.

चालणार नाही, कारण शीटला इतिहास असतो. `File` मेनूतील `Version history` उघडून `See version history` निवडल्यास शीटच्या जुन्या अवस्था दिसतात, आणि ओळी काढण्यापूर्वीची अवस्था एका क्लिकने परत आणता येते. शीटवर संपादनाचा अधिकार असलेल्या कोणालाही हे करता येते. हा इतिहास तेवढाच वेगळा पुसून टाकण्याची सोय शीटमध्ये नाही. तो घालवायचा तर संपूर्ण फाईलच काढावी लागते.

तक्ते आणि आलेख राखायचे असतील तर एक कोरी शीट नव्याने उघडावी आणि त्यात फक्त एकत्रित आकडे चिकटवावेत. चिकटवताना `Paste special` मधील `Values only` हा पर्याय वापरावा, म्हणजे आकडा येईल आणि मूळ शीटकडे बोट दाखवणारे सूत्र येणार नाही. `IMPORTRANGE` वापरून मूळ शीटमधून माहिती ओढणारी दुसरी एखादी शीट असेल, तर मूळ फाईल गेल्यावर तिच्यात `#REF!` दिसू लागेल, हे आधीच लक्षात घेऊन तिचीही व्यवस्था लावावी. शीटची `Make a copy` करून इतिहास टाळण्याचा मार्ग काहीजण सुचवतात. नव्या प्रतीत जुना इतिहास येत नाही हे खरे, पण सगळी नावे त्या प्रतीत येतातच, शिवाय जोडलेल्या शीटची प्रत काढली की फॉर्मचीही एक प्रत तयार होऊन ड्राइव्हमध्ये पडते. इथे तो मार्ग उपयोगाचा नाही.

90 दिवस कधीपासून मोजायचे आणि डिलीट करण्याचे काम प्रत्यक्षात कोणत्या तारखेला करायचे?

याचे उत्तर फॉर्मवरील वाक्यात आहे, म्हणून ते वाक्य शब्दशः पुन्हा वाचावे. "सर्वेक्षण बंद झाल्यापासून 90 दिवस" असे लिहिले असेल तर 1 ऑक्टोबर हा पहिला दिवस धरून ऑक्टोबरचे 31, नोव्हेंबरचे 30 आणि डिसेंबरचे 29 असे मिळून 29 डिसेंबर 2025 ही शेवटची तारीख येते. "आपण माहिती दिल्यापासून 90 दिवस" असे लिहिले असेल तर प्रत्येक प्रतिसादाची मुदत वेगळी होते, आणि 1 सप्टेंबरला फॉर्म भरणाऱ्याची मुदत 30 नोव्हेंबरलाच संपते. सरळ "90 दिवसांनंतर काढली जाईल" एवढेच लिहिले असेल, तर माहिती देणाऱ्याने ते आपल्या फॉर्म भरण्याच्या दिवसापासून मोजले असणार असे धरून चालणे मला योग्य वाटते, कारण संदिग्ध वाक्याचा फायदा वाक्य लिहिणाऱ्याने घेऊ नये.

शेवटच्या तारखेपर्यंत माहिती गेलेली असली पाहिजे आणि डिलीट करण्याची क्रिया तिच्या आधी सुरू झालेली असली पाहिजे, हा फरक इथे महत्त्वाचा आहे. ड्राइव्हमधील फाईल काढली की ती प्रथम ट्रॅशमध्ये जाते आणि तिथे 30 दिवस राहते. या काळात मालक ती केव्हाही परत आणू शकतो. फाईल ट्रॅशमध्ये टाकून तशीच सोडायची असेल, तर 29 डिसेंबरची मुदत पाळण्यासाठी ती 29 नोव्हेंबरलाच टाकायला हवी. त्याऐवजी ट्रॅशमध्ये जाऊन `Delete forever` केले तर हे 30 दिवस वाचतात.

संस्थेचे खाते गुगल वर्कस्पेस या संस्थांसाठीच्या सेवेचे असेल तर आणखी एक टप्पा आहे. ट्रॅश रिकामा केल्यानंतरही 25 दिवसांपर्यंत वर्कस्पेसच्या प्रशासकाला ती माहिती परत आणता येते. वाचनालयाचे खाते असे असल्यास `Delete forever` 4 डिसेंबरपर्यंत व्हायला हवे, म्हणजे 29 डिसेंबरला प्रशासकाच्या हातातही काही उरणार नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या खात्यावरून सर्वेक्षण केले असेल तर तिथल्या प्रशासकाला आणखी एक प्रश्न विचारावा: गुगल व्हॉल्ट या संस्थेची माहिती जपून ठेवणाऱ्या सेवेत ड्राइव्हसाठी साठवणीचा काही नियम लावलेला आहे का? तसा नियम असेल तर वापरकर्त्याने काढलेली फाईलही नियमाची मुदत संपेपर्यंत तिथे टिकून राहते.

काम कोणत्या क्रमाने करावे?

सर्वप्रथम फॉर्म बंद करावा, म्हणजे `Accepting responses` हे बटण बंद स्थितीत आणावे. वरकरणी ही किरकोळ बाब आहे, परंतु व्हॉट्सॲपच्या एखाद्या जुन्या गटात फॉर्मची लिंक पडून असते आणि सगळे पुसून झाल्यावर चार दिवसांनी कोणीतरी ती उघडून आपला क्रमांक भरतो. मग ज्याचे वेळापत्रकच नाही असा एक प्रतिसाद फॉर्ममध्ये राहून जातो.

फॉर्म बंद केल्यावर अहवालासाठी लागणारे एकत्रित आकडे वेगळे काढून घ्यावेत आणि ते दोघांनी तपासावेत. पुढची पायरी उलटवता येत नाही, हे समितीतील सर्वांना आधी सांगून ठेवावे. त्यानंतर फॉर्मच्या `Responses` टॅबवर उजवीकडील तीन ठिपक्यांवर क्लिक करावे. तिथे `Unlink form` आहे. ते आधी करावे, म्हणजे शीट आणि फॉर्म यांचा संबंध तुटेल. शीटमध्ये जिथे प्रतिसाद उतरतात तो `Form Responses 1` हा टॅब जोडणी असताना काढता येत नाही, त्यामुळे काहीजण तिथेच अडकतात. जोडणी तोडली की ती अडचण राहत नाही.

मग त्याच तीन ठिपक्यांखालील `Delete all responses` निवडावे. फॉर्ममधील प्रतिसाद ट्रॅशमध्ये जात नाहीत. ते काढले की काढले, आणि फॉर्मच्या मालकालाही ते परत आणता येत नाहीत. आपल्याला हवे ते हेच आहे, पण आकडे तपासून होण्यापूर्वी हे बटण दाबू नये, याचे कारणही हेच आहे.

यानंतर शीट उघडून `File` मेनूतून `Move to trash` करावे, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये जावे, ती फाईल निवडावी आणि `Delete forever` करावे. सर्व ट्रॅश एकदम रिकामा करण्यापेक्षा ती एकच फाईल निवडणे चांगले, कारण समितीच्या सामाईक खात्यावर दुसऱ्या कोणाची फाईल चुकून ट्रॅशमध्ये गेलेली असू शकते. शेवटी अपलोड झालेल्या फोटोंचे फोल्डर पाहावे. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

लोकांनी जोडलेले फोटो प्रतिसादांबरोबर जातात का?

जात नाहीत. फॉर्ममध्ये फाईल अपलोड करण्याचा प्रश्न असेल तर आलेल्या फायली फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात. त्या फोल्डरच्या नावात फॉर्मचे शीर्षक आणि `File responses` हे शब्द असतात, आणि आत प्रत्येक प्रश्नासाठी एक उपफोल्डर असते. प्रतिसाद काढले आणि शीट काढली तरी हे फोल्डर जागच्या जागी राहते, आणि ते फॉर्मच्या पानावर कुठेच दिसत नसल्यामुळे त्याची आठवणही राहत नाही.

यातली खरी अडचण फाईलच्या नावात आहे. अपलोड करताना गुगल मूळ फाईलच्या नावाच्या शेवटी अपलोड करणाऱ्या व्यक्तीचे नाव जोडते. म्हणजे हस्तपत्रकाच्या फोटोत कोणाचेही नाव नसले तरी तो कोणी पाठवला हे फाईलच्या नावावरूनच कळते.

वाचनालयाला ही हस्तपत्रके संग्रहात ठेवण्याचा मोह होणार हे उघड आहे, आणि तो मोह समजण्यासारखा आहे. गावोगावच्या उत्सवी नाटकांचे कागद एकदा घरातून गेले की पुन्हा मिळत नाहीत. पण फॉर्मवर "आपण दिलेली माहिती काढून टाकली जाईल" असे लिहिले असेल तर फोटोही त्या माहितीतच येतो. तो ठेवायचा असेल तर मुदत संपण्यापूर्वी पाठवणाऱ्याला विचारून लेखी होकार घ्यावा, ज्यांचा होकार आला तेवढेच फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये नव्या नावाने जतन करावेत आणि बाकीचे फोल्डर शीटप्रमाणेच ट्रॅशमधून कायमचे काढावे. ज्यांनी उत्तरच दिले नाही त्यांचा होकार धरू नये.

फॉर्मच डिलीट करून टाकला तर एका फटक्यात काम होणार नाही का?

फॉर्म गेला की त्यातले प्रतिसाद त्याच्याबरोबर जातात, पण फॉर्म ही ड्राइव्हमधील फाईल असल्यामुळे ती आधी ट्रॅशमध्ये जाते आणि तिथून परत आणली तर प्रतिसादांसह परत येते. शीट आणि फोटोंचे फोल्डर तर जागेवरच राहतात. पुढच्या वर्षी तेच प्रश्न वापरायचे असतील तर फॉर्मची प्रत काढून ठेवावी. फॉर्मच्या प्रतीत प्रश्न येतात, प्रतिसाद येत नाहीत.

फॉर्म अध्यक्षांच्या खात्यावर आहे, शीट मात्र मागच्या कार्यवाहांच्या खात्यात निघाली. ती कोण काढू शकतो?

ड्राइव्हमधील फाईल कायमची काढण्याचा अधिकार फक्त तिच्या मालकाला असतो. शीट दुसऱ्याच्या मालकीची असेल आणि तुम्ही केवळ संपादक असाल, तर तुम्ही ती आपल्या यादीतून काढली तरी ती फक्त तुमच्या डोळ्यांसमोरून जाते. मालकाकडे आणि इतर सर्वांकडे ती तशीच राहते. म्हणून सुरुवातीलाच शीटच्या `Share` खिडकीत जाऊन `Owner` कोणाच्या नावासमोर लिहिले आहे ते पाहावे. मालक समितीतून बाहेर पडले असतील तरी त्यांना दूरध्वनी करून, शक्य तर समोर बसून, हे काम करून घ्यावे. नवी समिती निवडून येते तेव्हा कपाटाच्या किल्ल्या आणि पासबुक सोपवले जाते, त्याच वेळी अशा फायलींची मालकीही संस्थेच्या खात्याकडे सोपवली गेली तर ही धावपळ टळते.

याहून अवघड प्रश्न प्रतींचा आहे. शीट पाहण्याचा अधिकार असलेल्या सदस्याने तिची प्रत काढली असेल तर ती प्रत त्याच्या मालकीची असते आणि मूळ फाईल काढून तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. एक्सेल फाईल म्हणून उतरवलेली यादी संगणकाच्या `Downloads` मध्ये असते, पेन ड्राइव्हवर असते, ग्रामपंचायतीसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर छपाईसाठी उघडलेली असते. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल तर ती उघडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरलेली असते. व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी संदेश काढण्याची सोय पाठवल्यापासून अडीच दिवसांच्या आसपासच उपलब्ध असते, त्यामुळे तीन महिन्यांनी ती उपयोगी पडत नाही.

या प्रतींपर्यंत कोणतेही बटण पोहोचत नाही. समितीतील ज्यांना शीट दिसत होती त्या प्रत्येकाला नावानिशी विचारणे आणि "माझ्याकडील प्रत काढली" असे उत्तर लेखी घेणे, हाच मार्ग आहे. पुढील सर्वेक्षणात शीट शेअर करताना `Share` खिडकीतील दातेरी चाकावर क्लिक करून पाहणाऱ्यांना उतरवण्याची, छापण्याची व प्रत काढण्याची मुभा बंद करून ठेवावी. ही मुभा बंद केली तरी कोणी पडद्याचा फोटो काढू शकतो, पण पसरणाऱ्या प्रतींची संख्या निश्चितच कमी होते.

मुदत संपण्यापूर्वीच कोणी "माझी माहिती आत्ताच काढा" असे सांगितले तर?

फॉर्मच्या `Responses` टॅबमध्ये `Individual` निवडून त्या व्यक्तीचा प्रतिसाद शोधावा आणि वरच्या कचरापेटीच्या चिन्हावर क्लिक करून तो काढावा. मात्र शीटमधील त्यांची ओळ काढली तरी ती शीटच्या इतिहासात राहते, हे वर आलेच आहे. यावर एक चांगला उपाय आहे. फॉर्ममधून तो एक प्रतिसाद काढल्यावर जुनी शीट फॉर्मपासून तोडावी, ती ट्रॅशमधून कायमची काढावी आणि फॉर्म नव्या शीटला जोडावा. नव्या शीटमध्ये उरलेले 213 प्रतिसाद उतरतील आणि तिला जुना इतिहास नसेल. जी गोष्ट एरवी धोक्याची म्हणून सांगितली तीच इथे कामी येते.

नावे व क्रमांक काढून उरलेली माहिती ठेवता येईल का?

एकत्रित आकडे ठेवता येतात. एकेका माणसाची ओळ ठेवणे, मग तिच्यातून नाव काढलेले असले तरी, छोट्या गावात सुरक्षित नसते. आपल्या उदाहरणात नाव आणि मोबाईल हे स्तंभ काढले तरी वाडा, वय आणि पाहिलेली नाटके हे स्तंभ उरतात. ज्या वाड्यावर वीस घरे आहेत तिथे 83 वर्षांचे आणि दर जत्रेला नाटक पाहणारे गृहस्थ कोण, हे त्या गावातील कोणीही क्षणात सांगेल. याशिवाय `Timestamp` स्तंभात फॉर्म भरल्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते, आणि फॉर्म भरताना शेजारी कोण बसले होते त्याला ती आठवू शकते.

म्हणून अहवालासाठी वय दहा वर्षांच्या गटांत घ्यावे, वाड्याऐवजी गाव घ्यावे आणि ज्या रकान्यात दोन-तीनच माणसे येतात तो रकाना शेजारच्या रकान्यात मिळवावा. "60 वर्षांवरील प्रतिसादकांपैकी निम्म्याहून अधिकांनी रात्रभर चालणारी नाटके पाहिली होती" अशा स्वरूपाचे निष्कर्ष त्यातून सहज काढता येतात, आणि त्यासाठी एकही मूळ ओळ राखावी लागत नाही.

हे सगळे आपोआप व्हावे अशी सोय आहे का?

फॉर्ममध्ये मुदत घालून देण्याची तयार सोय नाही. ॲप्स स्क्रिप्ट या गुगलच्या छोटे प्रोग्रॅम लिहिण्याच्या सोयीतून मात्र जुने प्रतिसाद काढता येतात. पुढील स्क्रिप्ट 90 दिवसांहून जुना असलेला प्रत्येक प्रतिसाद फॉर्ममधून काढते, त्यामुळे ज्यांनी "माहिती दिल्यापासून" मुदत दिली आहे त्यांना ती विशेष उपयोगी आहे.

```
function removeOld() {
  const form = FormApp.openById('FORM_ID');
  const limit = new Date();
  limit.setDate(limit.getDate() - 90);
  form.getResponses().forEach(function (r) {
    if (r.getTimestamp() < limit) {
      form.deleteResponse(r.getId());
    }
  });
}
```

`FORM_ID` च्या जागी फॉर्म संपादनासाठी उघडल्यावर पत्त्यात `/d/` नंतर येणारी लांब अक्षरमाला घालावी आणि स्क्रिप्ट रोज एकदा आपोआप चालवणारा ट्रिगर लावावा. फॉर्म मुदतीनंतरही चालू राहणार असेल तर दिवसांची संख्या 90 ऐवजी 85 ठेवावी, म्हणजे एखाद्या दिवशी ट्रिगर चालला नाही तरी मुदत ओलांडली जाणार नाही.

या स्क्रिप्टच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ती शीटला आणि फोटोंच्या फोल्डरला हात लावत नाही. अशा फॉर्मला शीट न जोडणे आणि आकडे फॉर्मच्या `Summary` मध्येच पाहणे हे मी अधिक पसंत करतो. शिवाय ट्रिगर ज्याने लावला त्याच्या खात्यावर चालतो. त्याचे खाते बंद झाले किंवा त्याचा फॉर्मवरील अधिकार काढला गेला, तर पुसण्याचे काम थांबते आणि समितीतील इतरांना ते कळतही नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा कोणीतरी फॉर्म उघडून सर्वांत जुन्या प्रतिसादाची तारीख पाहणे आवश्यक आहे.

आम्ही काढल्यावर गुगलच्या यंत्रणेतूनही माहिती लगेच जाते का?

लगेच जात नाही. काढलेली माहिती आपल्या यंत्रणेतून पूर्णपणे जाण्यास साधारणतः दोन महिने लागतात आणि बॅकअपमध्ये ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते, असे गुगलनेच जाहीर केलेले आहे. त्यावर संस्थेचे नियंत्रण नसते. म्हणून फॉर्मवरील वाक्य पुढील वेळी असे लिहावे: "सर्वेक्षण बंद झाल्यापासून 90 दिवसांच्या आत आपली माहिती आमच्या सर्व खात्यांतून व सदस्यांच्या उपकरणांतून काढून टाकली जाईल." हे वाक्य संस्थेला पाळता येते, आणि "कायमची नष्ट होईल" हे वाक्य पाळता येत नाही.

या बाबतीत कायदा काय सांगतो?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम 8 च्या उपकलम 7 नुसार, संमती मागे घेतली गेल्यावर किंवा ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपल्यावर वैयक्तिक माहिती काढून टाकणे बंधनकारक ठरते, मात्र अन्य कायद्यानुसार ती ठेवणे आवश्यक असेल तर अपवाद आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक प्रत्यक्ष जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. त्या नियमांत माहिती व तिच्यावरील प्रक्रियेच्या नोंदी काही कारणांसाठी किमान एक वर्ष ठेवण्याचीही तरतूद आहे. त्यामुळे मे 2027 नंतर चालणाऱ्या सर्वेक्षणासाठी मुदत ठरवण्यापूर्वी जाणत्या वकिलाला हे दाखवून घ्यावे आणि मगच फॉर्मवर आकडा लिहावा.

सगळे खरोखर गेले आहे याची खात्री कशी करावी?

फॉर्मच्या `Responses` टॅबवर शून्य प्रतिसाद दिसले पाहिजेत आणि तिथे `Link to Sheets` असे दिसले पाहिजे, म्हणजे जोडणी उरलेली नाही हे कळते. शीटचा जुना पत्ता जपून ठेवलेला असावा. तो दुसऱ्या सदस्याच्या खात्यातून उघडून पाहावा. फाईल मालकाच्या ट्रॅशमध्ये असल्याचा संदेश आला तर शेवटची पायरी राहून गेली आहे, आणि फाईल अस्तित्वात नसल्याचा संदेश आला तर काम झाले आहे. त्यानंतर प्रत्येक सदस्याने आपल्या ड्राइव्हच्या शोधखिडकीत `type:spreadsheet` लिहून पुढे सर्वेक्षणाच्या नावातील एखादा शब्द टाकावा. स्वतः केव्हातरी काढलेली आणि विसरलेली प्रत बहुधा इथेच सापडते. यादीतील एखादा मोबाईल क्रमांक शोधून पाहणेही उपयोगी आहे, कारण ड्राइव्ह फाईलच्या आतला मजकूरही शोधते.

याची नोंद इतिवृत्तात घ्यावी आणि तिच्यात कोणाचेही वैयक्तिक तपशील येऊ देऊ नयेत. आपल्या उदाहरणात ती अशी होईल: "जत्रेतील नाटकांविषयीच्या सर्वेक्षणाचे 214 प्रतिसाद दि. 1 डिसेंबर 2025 रोजी फॉर्ममधून काढले. जोडलेली शीट व फोटोंचे फोल्डर त्याच दिवशी ट्रॅशमधून कायमचे काढले. शीट पाहण्याचा अधिकार असलेल्या सर्व सदस्यांकडून प्रती काढल्याचे लेखी उत्तर मिळाले." खाली काम करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही असावी, आणि या दोन सह्या दोन वेगळ्या व्यक्तींच्या असाव्यात.

मुदत उलटून गेली आहे आणि माहिती अजून तशीच आहे. आता काय करावे?

आज जी तारीख आहे त्याच तारखेने काढावी आणि इतिवृत्तात खरी तारीखच लिहावी. माहिती देणाऱ्यांना उशिराविषयी कळवायचे असेल, आणि ते कळवावे असे माझे स्पष्ट मत आहे, तर ते काढण्यापूर्वी करावे लागते, कारण काढल्यानंतर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच राहत नाही. कबूल केलेली तारीख, उशिराचे कारण आणि माहिती काढली जाण्याचा दिवस एवढे तीन तपशील देणारा लहान संदेश पुरेसा आहे. तो पाठवताना सर्वांचा मिळून एक नवा व्हॉट्सॲप गट करू नये, कारण त्या गटात 214 जणांना एकमेकांचे क्रमांक दिसतील. संदेश एकेकाला वेगळा पाठवावा, आणि पाठवणाऱ्याने फोनमध्ये जतन केलेले क्रमांक त्याच दिवशी काढावेत.